दिवसा येणारी झोप : गोळीची की रात्रीची?



गळीत हंगाम जवळ आला की आमच्या शेतकी खात्याकडे तोडणीच्या, वाहतुकीच्या आणि चिठ्ठ्यांच्या चौकशा सुरू होतात. गटात फिरताना या चौकशांच्या जोडीला आणखी एक तक्रार आमच्या कानावर येते. "साहेब, दिवसाच झोप येते बा. टॅक्टरवर बसलो का डोये लागतात." असे सांगणाऱ्याला चार माणसे चार सल्ले देतात. कोणी म्हणतो अशक्तपणा आहे, कोणी म्हणतो गोळ्या उष्ण पडल्या, तर कोणी सरळ आळशी ठरवून मोकळा होतो. दोन भरल्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री काट्याकडे आणणाऱ्याला मात्र यातले काही ठरवून घ्यायला रस्त्यावर सवड मिळत नाही. स्टेअरिंगवर लागलेली डुलकी दोन-तीन सेकंदांची असली तरी तेवढ्यात ट्रॅक्टर रस्ता सोडतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. पण ही झोप चालू असलेल्या औषधामुळे येते की रात्रीच्या झोपेतच काही बिघाड आहे, याचा पुष्कळसा उलगडा एका शाळकरी वहीत दोन आठवड्यांत होतो. ती वही पाहून डॉक्टरांनाही निर्णय सोपा जातो. अशी वही कशी ठेवावी आणि ती कशी वाचावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

खोडव्याची पाने पिवळी पडली की आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी कोणते पान पिवळे आहे ते पाहतो. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी पडले असे समजतो. शेंड्याकडची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून मधे पांढुरकी झाली तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. दुरून दोन्ही सारखेच पिवळे दिसते. फरक कळतो तो पिवळेपणा कुठून सुरू झाला यावरून. दिवसाच्या झोपेचेही तसेच आहे. ती किती येते यापेक्षा कशाच्या मागोमाग येते, ते पाहावे लागते.

आता औषधाकडे वळू. झोप आणणारी औषधे बरीच आहेत. फिटच्या गोळ्या, नसांच्या आगीवर व मुंग्यांवर दिल्या जाणाऱ्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, खोकल्याची काही पातळ औषधे, अशी ती यादी होईल. पण आपल्या भागात सर्वांत जास्त आढळतात त्या खाजेच्या आणि सर्दीच्या गोळ्या. याला कारण बांधावरचे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले हे गवत आज आपल्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. ते उपटताना किंवा त्याची धूळ उडून मान, पापण्या आणि कोपराच्या लवणीत खाज सुटते व कातडी जाड, काळी पडते. कित्येकांना हा त्रास वर्षानुवर्षे राहतो आणि गोळीही तितकीच वर्षे चालू राहते.

ही गोळी झोप का आणते, ते समजण्यासारखे आहे. अंगात हिस्टामिन नावाचा एक पदार्थ असतो. कातडीत तो सुटला की खाज येते. पण तोच पदार्थ मेंदूत माणसाला जागे ठेवण्याचे काम करतो. क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन यांसारख्या जुन्या गोळ्या हिस्टामिनला कातडीतही अडवतात आणि मेंदूत शिरून तिथेही अडवतात. त्यामुळे खाज थांबते आणि पेंगही येते. सेटिरिझिन मेंदूत कमी शिरते, तरी काही माणसांना तिनेही झोप येते. फेक्सोफेनाडिन जवळजवळ शिरतच नाही. खाज सगळ्या कमी करतात, पण शेजाऱ्याला सोसलेली गोळी आपल्याला सोसेलच असे नाही ते यामुळे.

आता वही. पानावर उभे रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात वार व तारीख. दुसऱ्यात रात्री किती वाजता झोपलो आणि सकाळी किती वाजता उठलो. तिसऱ्यात गोळीचे नाव, ती किती मिलिग्रॅमची आणि नेमकी किती वाजता घेतली. "सकाळी" असे मोघम लिहू नये, नऊ वाजता घेतली तर नऊ लिहावे. चौथा रकाना झोपेच्या अंकांचा. सकाळी ७, ११, दुपारी २, सायंकाळी ५ आणि रात्री ८ असे पाच वेळा अंक मांडायचा. तरतरीत असल्यास ०. डोके जड पण काम चालू असल्यास १. पेंग येते आणि झोपेशी झगडावे लागते तेव्हा २. प्रत्यक्ष डुलकी लागली तर ३. अंकाशेजारी आपण त्या वेळी बसलो होतो की हातपाय चालू होते, तेही एका शब्दात लिहावे. पाचव्या रकान्यात इतर गोष्टी घ्याव्यात : रात्री पाणी द्यायला गेलो, दारू घेतली, चहा किती वेळा झाला, खर्रा किती खाल्ला. चहा आणि तंबाखू पेंग झाकतात, म्हणून त्यांची नोंद हवी. शेवटचा रकाना घरच्या माणसाचा. घोरणे, मधेच श्वास थांबणे, पाय झाडणे, हे झोपलेल्याला स्वतःला कळत नाही. ते बाजूला झोपणाऱ्यानेच सांगायचे असते.

अंक त्या त्या वेळीच मांडावा. रात्री जेवल्यावर पाचही अंक आठवून लिहिले तर ते दिवसाचे नसून त्या वेळच्या मूडचे होतात. आणि वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा जरूर लिहाव्यात : दिवसा झोप येण्यास केव्हापासून सुरुवात झाली आणि कोणती गोळी केव्हा सुरू झाली किंवा वाढली. कित्येकदा या दोन तारखाच निम्मे उत्तर देऊन जातात.

सेलू भागातील एका सभासदाची वही आम्ही त्यांच्या परवानगीने पाहिली. वय सेहेचाळीस, स्वतःचा ट्रॅक्टर, गाजरगवताची खाज तीन वर्षांची. उन्हाळ्यात खाज वाढली तेव्हा डॉक्टरांनी हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅम सकाळी व रात्री सुरू केली. झोपेची तक्रार त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत. पण घरात वेगळेच चालले होते. चुलतभावाला घोरण्याचा आजार निघाला होता, म्हणून यांनाही तोच आहे असे सर्वांनी धरून ठेवले होते.

त्यांची वही पोळ्याच्या पाच दिवस आधी सुरू झाली. साध्या दिवशीचे चित्र असे : रात्री दहाला झोप, पहाटे पाचला जाग, गोळी सकाळी नऊला न्याहारीनंतर. सात वाजता १, अकरा वाजता २ किंवा ३, दुपारी दोनला २, पाचला १, रात्री आठला ०. म्हणजे गोळीनंतर दोन तासांनी झोप सर्वांत जास्त आणि मग ती हळूहळू उतरत जाते. घरच्यांच्या रकान्यात घोरण्याची नोंद एकदाच, तीही सर्दी झाली तेव्हाची.

तिसऱ्या व चौथ्या दिवसाचे अंक मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत २ आणि ३. पावसाने ताण दिला होता, लाईट रात्रीची होती, आणि हे दोन्ही रात्री उसाला पाणी देत होते. चार तासांची झोप. हे दोन दिवस आम्ही बाजूला काढले. जागरणाची झोप ही गोळीचीही नव्हे आणि आजाराचीही नव्हे, ते उसनवारी फेडणे आहे. ज्यांची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते त्यांनी वही निदान दोन आठवडे ठेवावी असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. नाहीतर सगळा दोष लाईटचा असताना तो गोळीवर बसतो.

सहावा दिवस पोळ्याचा. बैल धुणे, सजवणे या गडबडीत सकाळची गोळी राहिली. त्या दिवशी अकराला १, दोनला १, पाचला ०. येथे कोणी म्हणेल की पोळ्याच्या धामधुमीत कोणाला झोप येते? शंका रास्त आहे. एका दिवसावरून निकाल देता येत नाही, आणि सणाच्या दिवसावरून तर नाहीच. पण दहाव्या दिवशी हे वर्ध्याला बँकेत गेले. गोळी घरीच राहिली, ती परत आल्यावर दीड वाजता घेतली. त्या दिवशी अकरा वाजता ते बँकेच्या बाकावर तासभर नुसते बसून होते, तरी अंक १. दोनला १. आणि एरवी ज्या पाच वाजता १ असे, तिथे ३. गोठ्याशी खाटेवर बसल्या बसल्या डोळा लागला. गोळी साडेचार तास पुढे गेली तशी झोपही पुढे सरकली. या पानाने आमची खात्री पटली. आजाराची झोप गोळीच्या घड्याळाप्रमाणे अशी जागा बदलत नाही.

बाराव्या दिवशी दुपारी दोनला आणि पाचला, दोन्ही वेळा ३ आले. नेहमीची गोळी तर नऊलाच घेतलेली. पाचव्या रकान्यात लिहिले होते : "सर्दीची गोळी, मेडिकलमधून, १२ वाजता." पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा त्यात क्लोरफेनिरामिन निघाले. म्हणजे एकाच जातीच्या दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या. बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत तापाच्या औषधाबरोबर या जातीचे एखादे औषध असतेच. पाकीट फेकून न देता वहीत ठेवलेले बरे.

वही पाहून डॉक्टरांनी सकाळची गोळी बदलून फेक्सोफेनाडिन दिली आणि रात्रीची तशीच ठेवली. पुढच्या दहा दिवसांच्या वहीत अकराचा अंक ० किंवा १ वर आला. सकाळी सातचा १ मात्र राहिला. हायड्रॉक्सिझिन अंगातून निम्मी उतरायला वीस तासांच्या आसपास लागतात, तेव्हा रात्रीच्या गोळीची जडता सकाळी थोडी राहणारच. दुपारी दोनचाही १ गेला नाही. तो जाण्याचे कारणही नाही. जेवणानंतर एक ते तीनच्या दरम्यान निरोगी माणसालाही थोडी पेंग येते, गोळी घेवो न घेवो.

आता दुसरी वही पाहू. ती आर्वीकडच्या एका सभासदाची. वय बावन्न, मान आखूड व जाड, रक्तदाबाची गोळी चालू. यांना शिंका आल्या की रात्री सेटिरिझिन १० मिलिग्रॅम घ्यायची सवय. येथे घरच्यांनी उलटाच निकाल दिला होता : "त्या शिंकेच्या गोळीनेच दिवसभर डुलतात."

चौदा रात्रींपैकी सहा रात्री त्यांनी गोळी घेतली, आठ रात्री घेतली नाही. सहा रात्रींनंतरचे दिवस एका बाजूला आणि आठ रात्रींनंतरचे दुसऱ्या बाजूला मांडले, तर काहीच फरक दिसेना. दोन्हीकडे सकाळी सातलाच २. आठ तास झोपून उठलेल्या माणसाचा पहिला अंक रोज २ असावा, हेच मुळी विचित्र. दिवसाचे अंकही गोळीच्या वेळेनुसार नव्हे, तर बसण्यानुसार चढत होते. एस.टी.त बसले की ३, भजनाला ३, सोसायटीच्या सभेत ३. निंदणावर बायांच्या मागे फिरत असताना ० किंवा १.

पत्नीचा रकाना भरलेला होता. चौदाही रात्री घोरणे, आणि नऊ रात्री पुढे लिहिलेले : "श्वास थांबला, मग गचका देऊन सुरू झाला." शिवाय रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे, सकाळी तोंड कोरडे व डोके जड. पहिल्या पानावरच्या तारखा पाहिल्या, तर दिवसाची झोप दोन वर्षांपूर्वीची, रक्तदाबाची गोळी सव्वा वर्षाची, आणि सेटिरिझिन अवघी सहा महिन्यांची. आरोपी गुन्ह्यानंतर गावात आला होता.

मोठ्या रुग्णालयात त्यांची रात्रभराची झोपेची तपासणी झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास अडतो, मग मेंदू दचकून जागा होतो व श्वास पुन्हा सुरू होतो. माणसाला हे आठवत नाही. तासाला पाचपेक्षा कमी वेळा असे होणे डॉक्टर आजार धरत नाहीत. तिसाच्या पुढे गेले की तो तीव्र आजार. यांचा आकडा चौतीस निघाला. म्हणजे आठ तास खाटेवर पडूनही गाढ झोप मिळतच नव्हती. आता ते रात्री नाकावर हवेच्या दाबाचे यंत्र लावून झोपतात. पहिले आठ-दहा दिवस त्यांनी त्याला शिव्या दिल्या. महिन्याभराने पुन्हा वही भरली तेव्हा एस.टी.चा अंक १ होता.

येथे एक गोष्ट घोळून राहू नये. दोन्ही कारणे एकाच माणसात असू शकतात, आणि तेव्हा गोळी आजाराला बळ देते. श्वास अडणाऱ्या माणसाने झोपेची गोळी किंवा रात्री दारू घेतली तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त वेळ अडतो. "रात्री नीट झोप होत नाही" एवढेच सांगून झोपेची गोळी लिहून घेणाऱ्यांनी घरच्यांचा रकाना आधी डॉक्टरांना दाखवावा.

वहीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जी औषधे अंगात फार दिवस टिकतात त्यांचा चढउतार वहीत दिसत नाही. फिटवरचे फिनोबार्बिटोन निम्मे उतरायला तीन-चार दिवस घेते. एक गोळी चुकली तरी त्या दिवशीचे अंक बदलत नाहीत, आणि वही सपाट पाहून माणूस गोळीला निर्दोष ठरवून बसतो. अशा औषधांत पहिल्या पानावरच्या तारखांवरच भिस्त ठेवावी : गोळी सुरू झाली किंवा वाढली त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत पेंग सुरू झाली का? दुसरे असे की, खाजेच्या जुन्या गोळ्या रोज घेत राहिल्यास काहींची पेंग आठवड्याभरात आपोआप कमी होते. म्हणून नव्या गोळीच्या पहिल्या चार दिवसांवरून तिला कायमचे वाईट ठरवू नये. त्या चार दिवसांत ट्रॅक्टरपासून लांब राहावे, एवढे पुरे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. झोप जाते का ते पाहण्यासाठी कोणीही मुद्दाम गोळी बंद करू नये. आपण खताच्या चाचणीत एक सरी बिनखताची ठेवतो, ती सरी कमी वाढली तर फार बिघडत नाही. फिटची गोळी एकदम सोडली तर झटका येतो. चिंतेच्या व झोपेच्या गोळ्या, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्यानेही धोका होतो. आमच्या पहिल्या सभासदाने गोळी मुद्दाम चुकवली नव्हती. ती चुकली, उशिरा घेतली गेली, आणि त्यांनी ते खरे लिहिले. बिनगोळीचा दिवस पाहायचाच असेल तर तो डॉक्टरांना ठरवू द्यावा.

वही चालू असताना ज्या वेळेला २ किंवा ३ येतात ती वेळ ट्रॅक्टर, कडबा कुट्टी आणि विहिरीवरच्या मोटारीपासून दूरची ठेवावी. अकराला पेंग येणाऱ्याने सकाळी सातच्या आत किंवा सायंकाळी गाडी हाकावी, आणि ज्याचे अंक दिवसभर वर आहेत त्याने तपासणी होईपर्यंत दुसरा ड्रायव्हर पाहावा. तोडणी-वाहतुकीचा करार केलेल्या सभासदांनी आपल्या ड्रायव्हरकडेही हे विचारावे. खाजेची गोळी खाणारे त्यांच्यातही आहेत, आणि ते मालकाला सांगत नाहीत.

दोन आठवडे झाले की वही, सर्व गोळ्यांची पाकिटे आणि शक्य तर घरचे माणूस, असे तिन्ही घेऊन जावे. अंक गोळीच्या मागे चालत असतील तर ज्यांनी गोळी लिहून दिली त्याच डॉक्टरांकडे. अंक बसण्याच्या मागे चालत असतील, सकाळीच चढलेले असतील आणि घरचा रकाना घोरण्याने व श्वास थांबण्याने भरला असेल, तर सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात कान-नाक-घसा किंवा छातीच्या विभागात वही दाखवावी. आणि झोप पुरेशी असूनही हसताना किंवा रागावताना एकाएकी गुडघे लुळे पडत असतील, तर दोन आठवडे न थांबता तेही त्यांना सांगावे. तो वेगळा आजार असतो.

रकाने आखलेले कोरे कागद सर्व गट कार्यालयांत ठेवले आहेत. तोडणीची नोंद करायला याल तेव्हा आमच्या चिटबॉयकडून मागून घ्यावेत.